दोन शब्द

‘आता सी विंगमधले आपले मास्तर दोन शब्द बोलतील,’ असं सेक्रेटरींनी माइकवर जाहीर केलं तेव्हा माझ्या एका हातात वेफर्सची प्लेट होती आणि दुसऱ्या हातात चहा. सोसायटीच्या वॉचमनकाकांचा निरोप समारंभ होता. कुणी आधी कळवलं नव्हतं. ‘दोन शब्द’वाल्यांना कधीच आधी कळवत नाहीत.

पूर्वी हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. शाळेत एका सहकाऱ्याच्या निवृत्तीला असाच उठलो होतो. ‘खरं तर मी काही तयारी करून आलेलो नाही’ इथून सुरुवात. मग व्यासपीठावरचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक आणि ‘माझ्या बंधू-भगिनींनो’. एवढ्यात अर्धं मिनिट गेलं. मग सरांची कारकीर्द १९९८ पासून सांगायला घेतली. २००४ पर्यंत पोचलो आणि पहिल्या रांगेतल्या बाई घड्याळाकडे बघताना दिसल्या. ‘असो’ म्हणून खाली बसलो. सर २००४ मध्येच राहिले.

नंतर एका मित्राने मला त्याच्या टोस्टमास्टर्स क्लबात, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या मंडळात, पाहुणा म्हणून नेलं. तिथे ‘टेबल टॉपिक्स’ नावाचा प्रकार असतो. नाव पुकारतात, विषय तिथल्या तिथे देतात आणि तुम्ही एक ते दोन मिनिटं बोलायचं. एक मिनिट झालं की हिरवा दिवा, दीड मिनिटाला पिवळा, दोन मिनिटांना लाल. मित्राने जाता जाता एक सांगितलं, ‘काही सुचलं नाही तर काल, आज, उद्या धर.’ मला त्यात ते दिवेच जास्त पटले. हिरवा लागेपर्यंत काल, पिवळा लागेपर्यंत आज आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात उद्या. कालला निम्मा वेळ द्यायचा, कारण गोष्ट तिथेच असते. पण एकच गोष्ट. कारकीर्द सांगायला बसलो की २००४.

तर प्लेट बायकोच्या हातात दिली आणि निघालो. माइक वीसेक पावलांवर होता. त्या वीस पावलांत मी पहिलं नव्हे, शेवटचं वाक्य ठरवतो. शेवट हाताशी नसला की माणूस ‘आणि शेवटी एवढंच सांगतो’ असं तीनदा म्हणतो आणि तरी संपत नाही. उतरायचं स्टेशन ठाऊक असलं की मधे थोडं अडखळलं तरी चालतं.

माइकसमोर ‘नमस्कार’ म्हटलं आणि थेट लिफ्टच्या गोष्टीवर आलो. एका दुपारी वीज गेली आणि माझी आई दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मधे अडकली. एकटीच. मॅकेनिक यायला वीस मिनिटं लागणार होती. काका जिन्याच्या पायरीवर बसले आणि लिफ्टच्या जाळीतून तिला विचारत राहिले, ‘आजी, कटाची आमटी कशी करायची?’ आईने डाळ शिजवण्यापासून सांगायला घेतलं. फोडणी पडली तेव्हा वीज आली. (काकांनी ती आमटी आजवर केलेली नाही. हे मी माइकवर बोललो नाही, कारण त्यात वीस सेकंदं गेली असती.)

हा झाला काल. मग आज. आई अजूनही लिफ्टमध्ये शिरण्याआधी गेटकडे तोंड करून सांगते, ‘मी वर चालले हो!’ आणि काका तिथून हात वर करतात. एवढ्या दोन वाक्यांत आज संपला, ओढूनताणून वाढवला नाही. आणि उद्या म्हणजे ते पावलं टाकताना ठरवलेलं वाक्य: ‘काका, सोमवारी नवा माणूस येईल. त्याला बाकी काही शिकवलं नाहीत तरी चालेल, पण आईने हाक मारली की हात वर करायला तेवढं शिकवा.’

आणि बसलो. पावणेदोन मिनिटं झाली असावीत.

हे कुठेही चालतं असं मात्र नाही. शोकसभेत मी ‘उद्या’च्या वाटेला जात नाही. समोर बसलेल्यांना तोच सोसत नसतो. तिथे एक आठवण सांगावी आणि नमस्कार करून मागे सरावं. आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूसच ठाऊक नसेल, तर काल कुठून आणणार? अशा वेळी लोक ‘अत्यंत मनमिळाऊ स्वभाव’ वगैरे काढतात. मी शुभेच्छा देऊन दहा सेकंदांत उतरतो.

माझ्यानंतर अध्यक्ष उठले. त्यांनी सोसायटीची नोंदणी झाली त्या वर्षापासून सुरुवात केली. मी बायकोकडून प्लेट परत घेतली. वेफर्स संपले होते. आई शेजारच्या खुर्चीवरून कुजबुजली, ‘अरे, फोडणीत हिंग होता, ते सांगितलं नाहीस.’