विहिरीतला दोर आणि मधातला ताण : माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या पुस्तकातल्या बहुतेक गणितांत एक वाक्य हमखास असतं : ‘दोरीचे वस्तुमान नगण्य माना.’ त्यामुळे दोरीत सगळीकडे ताण सारखाच, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. मीही कित्येक वर्षं ते तसंच पुढे सरकवत आलो. मागच्या वर्षी बारावीच्या वर्गात जाड दोराचं गणित घेतलं. नुसताच लटकलेला दोर, खाली काही बांधलेलं नाही. फळ्यावर लिहिलं की कोणत्याही ठिकाणचा ताण म्हणजे त्या ठिकाणाखाली लटकणाऱ्या दोराचं वजन. खालच्या टोकाला शून्य, वर पूर्ण वजन, मधात निम्मं.

वैष्णवी उभी राहिली. “सर, वरचा ताण जास्त अन् खालचा कमी हाये, तं मधातला दोर वर काहून नाही सरकत?”

उत्तर मला येत होतं, पण ते मी फळ्यावरच दिलं आणि तिला पटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मधला एक मीटरचा तुकडा घ्या. वरचा दोर त्याला वर ओढतो, खालचा खाली ओढतो आणि तुकड्याचं स्वतःचं वजनही खालीच ओढतं. दोन ताणांतला फरक त्या वजनाइतकाच असतो, म्हणून तुकडा जागचा हलत नाही. उलट दोन्हीकडचा ताण सारखा असता, तर तुकड्याचं वजन पेलायला कोणीच उरलं नसतं आणि तो खाली पडू लागला असता. हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “मोजून दाखवा ना सर.” मी हो म्हणालो, आणि त्या ‘हो’ने माझा एप्रिल महिना घेतला.

दोर घरचाच होता, अंबाडीचा, चांगला जाड. लांबी बारा मीटर, वजन ९.६ किलो, म्हणजे मीटरला ८०० ग्रॅम. काटाही घरचाच. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी गाठोडी मोजायला लटकवतो तो स्प्रिंगचा गोल काटा, २० किलोचा, शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघांचा. विहिरीवर आडवा लोखंडी गर्डर आहेच. त्याला दोर टांगायचा आणि दोराच्या वेगवेगळ्या ठिकाणी काटा घालून वाचायचा, इतका साधा बेत होता. (ताण न्यूटनमध्ये हवा असेल तर किलोच्या आकड्याला ९.८ ने गुणा. मी इथे काट्यावरचेच आकडे देतो.)

वरच्या टोकाला काटा लावणं सोपं. मधात लावायचा कसा? मला सुचलेली पहिली वाट अशी : खालचा सहा मीटर दोर तेवढा विहिरीत सोडावा, वरचा काठावर ठेवावा आणि तिथे काटा लावावा. वैष्णवीने ती लगेच खोडली. “हा तं छोट्या दोराचा शेंडा झाला सर, मोठ्या दोराचा मधात नाही झाला.” बरोबर होतं. जे सिद्ध करायचं तेच मी आधी गृहीत धरत होतो. वरचे सहा मीटर दोर लटकलेले असतानाच मधला आकडा वाचता आला पाहिजे होता.

दोर कापायचा नव्हता. म्हणून मधल्या खुणेवर सुतळीची घट्ट फासगाठ मारली, तिच्या वर काही अंतरावर दुसरी मारली आणि दोन्हींच्या मधला दोर ढिला सोडून काटा त्या दोन गाठींत असा अडकवला की टांगल्यावर गाठींत दहा सेंटिमीटरच अंतर राहील. आता ओढ काट्यातून जाते आणि ढिला दोर बाजूला झोळीसारखा लोंबतो. आकडा वाचायला विहिरीत कोण उतरणार? मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तोच दोराला बांधला, काट्याकडे तोंड करून.

पहिल्या दिवशी आकडा आला ५.२. यायला हवा होता ४.८. आमच्याकडची पोरं अशा वेळी ‘घर्षण’ म्हणून मोकळी होतात, पण इथे घासायला काही नव्हतंच. मोबाइल मी काट्याच्या खाली बांधला होता. त्याचं वजन २०० ग्रॅम, म्हणजे काट्याखाली लटकणाऱ्या वजनात त्याची भर पडली. तोच मोबाइल काट्याच्या वर बांधला तर त्याचं वजन फक्त वरच्या दोरावर येतं, काट्याला त्याची खबरही लागत नाही. तसं केलं आणि आकडा ५.० वर आला. सगळा विषय त्या एका बदलात वैष्णवीला दिसला, असं मला वाटतं. कारण वर जाडजूड सहा मीटर दोर, त्यावर मोबाइल, एवढं असूनही काटा फक्त खालचंच मोजत होता.

उरलेले २०० ग्रॅम मात्र दोन दिवस छळत राहिले. शेवटी झोळीवर शंका आली. ढिला दोर मोजला तर ६० सेंटिमीटर भरला. झोळीच्या सगळ्यात खालच्या बिंदूपाशी दोर आडवा असतो, तिथे तो कोणालाच वर किंवा खाली ओढत नाही. म्हणून त्या बिंदूपासून एका बाजूचा भाग वरच्या गाठीवर आणि दुसऱ्या बाजूचा खालच्या गाठीवर. गाठींत दहा सेंटिमीटरचा फरक, म्हणून वाटणी ३५ आणि २५. खालच्या गाठीवर २५ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर २०० ग्रॅम. ते वजा केले की ४.८. त्या रात्री मला फार बरं वाटलं. नंतर खालून तीन मीटरवर आणि नऊ मीटरवर असंच मोजलं. झोळीचं वजन वजा करून २.४ आणि ७.२ आले, काट्याच्या एका रेघेच्या फरकाने. वरच्या टोकाला ९.६.

यात दोन गोष्टी बिघडल्या, त्या सांगतो, कारण कोणी करून पाहिलं तर त्याच बिघडतील. एक म्हणजे घाई. दोर सोडल्यावर तो हेलकावे खातो आणि काट्याची सुई नाचत राहते. वरचा आकडा म्हणजे खालचं वजन, हा हिशेब दोर निश्चल असेल तरच खरा. हलत्या दोरात तुकड्यांना वेग बदलायलाही बळ लागतं, तेही काट्यात मिसळतं. शिवाय जाड दोरातला हेलकावा खालून वर जाताना वेग घेत जातो, कारण वर ताण जास्त. बारा मीटरच्या या दोरात तळापासून शेंड्यापर्यंत जायला त्याला साधारण सव्वादोन सेकंद लागतात, आणि त्यातला दीड सेकंदाहून जास्त वेळ खालच्या अर्ध्यातच जातो. आम्ही सुई थांबेपर्यंत वाट पाहायचो, मगच आकडा लिहायचो.

दुसरं, पाणी. आठवडाभर मोटार बंद होती, विहिरीत पाणी चढलं होतं आणि ते न बघता मी दोर सोडला. शेंड्याचा काटा ८.९ दाखवू लागला. ताण घटला, कारण खालचा मीटरभर दोर पाण्यात होता आणि पाणी त्याला उचलून धरत होतं. पण बघता बघता आकडा चढू लागला. अंबाडी पाणी पीत होती. दोर वर काढून टांगला तर १०.२ भरला. आकडा आपोआप सरकताना दिसला की समजावं, दोर भिजतो आहे. दोन दिवस उन्हात वाळवला तेव्हा ९.६ वर परत आला.

शेजारचे काका हे सगळं धुऱ्यावरून बघत होते. ते म्हणाले, “मास्तर, दोर गर्डरपाशीच तुटते, हे आमाले ठावं हाये.” खरं आहे. मातीसकट बादली २० किलोची असेल तर खालच्या टोकाला ताण २० आणि वर २९.६. पण तेवढंच कारण नाही. वर दोर लोखंडावर घासतो आणि वाकतोही. तिथे झिजलेला दोर तुटल्यावर नुसत्या ताणाला दोष देणं बरोबर होणार नाही.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीने वेधलं. हा दोर वर्षानुवर्षं वेटोळं करून गोठ्यात ठेवलेला. टांगला की वरचा भाग ओळंब्यासारखा सरळ होतो, पण खालचा हातभर भाग वेटोळ्याची वाकडी वळणं तशीच धरून राहतो. त्या भागाला सरळ करायला त्याच्याखाली वजनच नाही. गणितातला दोर पूर्ण लवचीक असतो, म्हणून तो तळापर्यंत सरळ येतो. अंबाडीला स्वतःचा ताठपणा असतो, आणि जिथे ताण शून्याकडे जातो तिथे तो ताठपणा जिंकतो.

मग एका पहाटे, वारा नसताना, आम्ही शाळेच्या गच्चीवरून अर्धा दोर खाली सोडला. सहा मीटर, ४.८ किलो. टोकापासून अर्धा मीटर वर दोरा बांधला, तो आडवा नेऊन छोट्या कप्पीवरून १०० ग्रॅमचं वजन सोडलं. तिथे दोर तब्बल ३० सेंटिमीटर बाजूला सरकला. तेच १०० ग्रॅम, पण पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यातून, दोराच्या बरोबर मध्यावर लावले तेव्हा जेमतेम ९ सेंटिमीटर. स्थिर दोर कोणत्याही ठिकाणी किती तिरपा होतो, हे बाजूची ओढ भागिले तिथला ताण यावर ठरतं. अर्ध्या मीटरवर ताण ४०० ग्रॅम, म्हणून तिथे चार वर गेलं की एक बाजूला. मध्यावर ताण २.४ किलो, तिथे चोवीसास एक. शेंड्याला अठ्ठेचाळीसास एक. हे तिरपेपण बेरजेत धरत वर गेलं की पहिल्या प्रसंगी ३१ आणि दुसऱ्या प्रसंगी ८.७ सेंटिमीटर येतात.

वैष्णवीने शेवटी पाच किलोचं वजन दोराच्या टोकाला बांधायला लावलं. खालची वळणं गेली, दोर तळापर्यंत सुतासारखा सरळ झाला. मग तिने दोरा पुन्हा टोकापासून अर्ध्या मीटरवर बांधला आणि कप्पीवर तेच १०० ग्रॅम सोडले. आता तळाशीच ताण पाच किलोंचा होता. पट्टीवर साडेसात सेंटिमीटर. गवंड्याचा ओळंबा असाच का असतो, बारीक दोरा आणि खाली जड लोखंड, हे तिने मला न विचारताच वहीत लिहिलं.