ऑथेंटिकेटरचा कोड चालेना, दोष निघाला फोनच्या घड्याळात

मी बेळगावात उद्यमबागला एका वर्कशॉपात बिलं, हिशेब, गिऱ्हाइकांचे मेल असलं सगळं बघतो, राहायला वडगावात. एका मोठ्या गिऱ्हाइकाची पोर्टल आहे, ड्रॉइंग तिथूनच उतरवायचं आणि बिलही तिथंच चढवायचं, आणि लॉगिन करताना पासवर्डनंतर ऑथेंटिकेटर ॲपमधला, दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकडी कोड लागतो. तो कोड मी एका जुन्या अँड्रॉइड फोनवर ठेवलाय, सिम नाही त्यात, गरज लागली की घरचं वायफाय नाहीतर ऑफिसचं.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर त्या कोडनं नखरे चालू केले. एकदा टाकला तर लागायचा, दुसऱ्यांदा `Invalid code`, परत टाकला की लागला. मला वाटलं माझी बोटंच हळू, चाळिशी लागल्यापासून आकडे बघून टाइप करायला वेळ लागतोच, म्हणून मी एक सवय लावून घेतली, नवीन कोड आला रे आला की पटापट टाकायचा. आणि गंमत म्हणजे त्यानं काम व्हायचं! त्यामुळं दोन-तीन आठवडे मी बोटांनाच दोष देत बसलो.

मग जूनमध्ये एका सकाळी काहीच लागेना. पाच-सहा कोड टाकले, सगळे चुकीचे, वर अकाउंट थोडा वेळ लॉक. त्या दिवशी बिल चढवायचं होतं, अण्णा (आमचे मालक) दर दहा मिनिटाला डोकावून "झालं काय रे?" करत होते. मी ॲपच काढून परत टाकायच्या बेतात होतो, नशीब की तेवढ्यात शहापुरात कॉम्प्युटर रिपेअरिंग करणाऱ्या मित्राला फोन लावला. तो ओरडलाच, "काय करुलालास, ॲप काढू नको की! आत जी किल्ली आहे ती गेली तर मग कंपनीला अर्ज करत बस. आधी सांग, फोनचं घड्याळ बरोबर आहे काय?"

मी बघितलं, फोनवर 10:41, भिंतीवर 10:42. म्हटलं एका मिनिटानं काय होतंय. तो म्हणाला, एका मिनिटानंच होतंय.

त्यानं सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करतो तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते, तीच सर्व्हरकडेही असते. त्यानंतर हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, म्हणून तर नेट नसलं तरी कोड येतो. दोघंही आपापलं घड्याळ बघतात, 30 सेकंदांचा कुठला तुकडा चाललाय ते ठरवतात, आणि किल्ली आणि तो तुकडा मिळून सहा आकडे काढतात. घड्याळ जुळलं तर आकडे जुळले. टायपिंगला वेळ लागतो म्हणून बरेच सर्व्हर आधीच्या एका तुकड्याचा कोड चालवून घेतात, काही पुढच्या एका तुकड्याचाही, त्यापलीकडे नाही.

आता माझा हिशेब बघा. फोनच्या ब्राउझरमध्ये time.is उघडलं, त्यानं सांगितलं तुमचं घड्याळ 1 मिनिट 14 सेकंद मागं आहे. म्हणजे सर्व्हरचे 10:42:15 झाले तेव्हा माझा फोन 10:41:01 वरच. सर्व्हरचा तुकडा 10:42:00 चा, चालवून घेणार 10:41:30 चा, आणि मी देतोय 10:41:00 चा, दोन तुकडे शिळा. 60 सेकंदांच्या वर मागं गेलात की कितीही पटापट टाका, लागतच नाही.

आणि आधी कधी लागायचा, कधी नाही, ते का? तेव्हा फोन साधारण 40 सेकंद मागं असणार. सर्व्हरच्या 10:42:15 ला फोनवर 10:41:35, म्हणजे नुकताच आलेला कोड, तो एकच तुकडा मागचा, लागला. पण सर्व्हरच्या 10:42:05 ला फोनवर 10:41:25, कोड संपत आलेला, तो दोन तुकडे मागचा, गेला. म्हणून ताजा कोड लागायचा आणि संपत आलेला नाही. तुमच्याकडेही असं होत असेल तर बोटांना शिव्या घालायच्या आधी घड्याळ बघा.

घड्याळ मागं गेलं कसं, तर पुतण्या. सुट्टीत त्यानं गेममधले संपलेले जीव लवकर मिळावेत म्हणून आपोआप वेळ घेणं बंद केलं, घड्याळ पुढं ढकललं, खेळून झाल्यावर शहाण्यासारखं परत लावूनही ठेवलं, पण हातानं. हातानं लावताना तास-मिनिटंच मिळतात, ओके दाबलं की सेकंद शून्यावर. खरे 7:20:40 झालेले असताना 7:20 लावलं तर तिथंच 40 सेकंद मागं, आणि वर पट्टीवर सेकंद दिसत नाहीत त्यामुळं सगळं बरोबरच वाटतं. त्यानंतर फोनच्या आतलं क्वार्ट्झ घड्याळ रोज एखाद-दीड सेकंद सरकतं, ते सुधारायला कोणी नाही, तीन आठवड्यांत अर्धा मिनिट गेला.

मीही पहिल्यांदा हातानंच लावायला गेलो आणि परत तीच रड. मग मित्रानं सांगितलं तसं केलं: वायफाय चालू, `Settings` मध्ये `System`, त्यात `Date & time`, तिथलं `Set time automatically` चालू (काही फोनमध्ये नाव `Automatic date and time` असतं, आयफोनला `General` मध्ये `Date & Time`, त्यात `Set Automatically`). आधीच चालू दिसत असेल तर बंद करून परत चालू करायचं. सिमही नाही आणि नेटही नाही, तर चालू करून उपयोग नाही, वेळ आणणार कुठून. अशा वेळी हातानंच लावायचं असेल तर येणारा मिनिट निवडून ठेवायचा आणि दुसऱ्या चांगल्या घड्याळात मिनिट पालटला की त्या क्षणी ओके.

परत time.is बघितलं, फरक सेकंदाच्याही आत. ऑथेंटिकेटरमध्ये हातच लावावा लागला नाही, ते फोनचंच घड्याळ वाचतं. लॉक सुटल्यावर पहिलाच कोड लागला, अण्णांचं बिल गेलं.

दुबईतल्या चुलतभावाला हे सांगितलं तर त्याचा प्रश्न, मग इथं दीड तासाचा फरक, तरी माझे कोड कसे लागतात? कोड मोजला जातो यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या वेळेवर, त्यामुळं टाइमझोन दुबईचा केला तर काही बिघडत नाही. पण झोन भारताचाच ठेवून काटे हातानं दीड तास मागं घेतले की मेलं.

उलटा किस्सा आमच्या ऑफिसातल्या ताईंचा. त्या खानापूरहून बसनं येतात, बस चुकू नये म्हणून फोन पाच मिनिटं पुढं ठेवलेला, आणि त्यांचाही कोड लागत नव्हता. मी म्हटलं, आत्ता दिसतोय तो कागदावर लिहा आणि पाच मिनिटांनी टाका. चहा झाला, टाकला, लागला. आता आपोआप वेळ चालू करा म्हणून समजावलं तर म्हणतात, "नको हो, बस चुकंल. मी आपली कोड काढून चहा घेत जाईन."