मोबाईल डेटावर साइट उघडते, घरच्या ब्रॉडबँडवर नाही: दोन दिवस शोधून काढलेलं कारण

डिचोलीला घरी फायबर ब्रॉडबँड आहे, तीन वर्षं झाली, पावसात लाईट गेली तर बंद पडतं तेवढंच, बाकी तक्रार नव्हती. बायको पुण्याच्या एका फर्मचं अकाउंटिंगचं काम घरूनच करते. गेल्या महिन्यात सोमवारी सकाळी तिचं पोर्टल उघडेना, नुसतं गोल गोल फिरत राहायचं आणि शेवटी टाइमआउट. बाकी यूट्यूब, बँक, बातम्या सगळं फास्ट चालू. मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावर टाकलं की तेच पोर्टल लगेच उघडायचं.

कस्टमर केअरला फोन केला तर "सर, राउटर रिस्टार्ट करा", मग "रिसेट करा", मग "आमच्याकडून सगळं ओके दिसतंय, साइटचाच प्रॉब्लेम असेल". म्हटलं, आता आपणच बघूया.

पहिलं काम म्हणजे तोच लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला आणि पोर्टल उघडलं, म्हणजे लॅपटॉप आणि ब्राउझर दोन्ही सुटले. मग शेजारच्या काकांकडे गेलो, त्यांच्याकडे याच कंपनीची लाइन, तिथंही उघडेना, म्हणजे आमचा राउटरही सुटला.

आता संशय डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरवर, कारण कंपनीच्या डीएनएसकडे साइटचा जुना आयपी पडून असला तरी अगदी असंच होतं. म्हणून दोघांना विचारलं, आधी राउटरमार्फत कंपनीच्या डीएनएसला आणि मग बाहेरच्याला (पोर्टलचं नाव आणि आयपी इथं बदलून लिहितोय):

```
nslookup portal.example.com
nslookup portal.example.com 1.1.1.1
```

दोन्हीकडून एकच उत्तर, 203.0.113.25. हॉटस्पॉटवरही तेच, आणि आयपीव्ही६ चा पत्ता कुठंच आला नाही. हे बघणं फार गरजेचं, कारण मोबाईल नेटवर्क बऱ्याचदा आयपीव्ही६ वरून जातं आणि मग आपण दोन वेगळ्याच रस्त्यांची तुलना करत बसतो. उत्तरं वेगळी आली असती तर लॅपटॉपमध्ये डीएनएस बदलून कदाचित काम झालं असतं. इथं पत्ता बरोबर होता, तिथंपर्यंत जाताच येत नव्हतं.

मग पॉवरशेलमध्ये हे दोन, पहिला ४४३ पोर्टवर कनेक्शन लागतं का ते बघायला आणि दुसरा, म्हणजे ट्रेस, वाटेतले टप्पे बघायला:

```
Test-NetConnection portal.example.com -Port 443
tracert -d 203.0.113.25
```

पहिल्यात TcpTestSucceeded : False. म्हणजे पान लोड होणं लांबच राहिलं, साधं कनेक्शनच लागत नव्हतं. ट्रेसमध्ये राउटर, मग कंपनीचे काही टप्पे, सहावा टप्पा बाहेरच्या कुणाचा तरी, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत नुसते तारे.

इथं मी जरा थांबलो, कारण तारे दिसले म्हणजे लाइन तिथंच तुटली असं नसतं, कित्येक राउटर ट्रेसला उत्तरच देत नाहीत. म्हणून हॉटस्पॉटवरून तोच ट्रेस घेतला, तिथंही मधे तारे होतेच पण शेवटी 203.0.113.25 चं उत्तर आलं. म्हणजे सर्व्हर ट्रेसला उत्तर देतो, आणि आमच्या लाइनवरून जाणारं किंवा परत येणारं काहीतरी वाटेत हरवतंय. हे "किंवा" महत्त्वाचं, कारण परतीचा रस्ता वेगळा असू शकतो आणि तो आपल्याला इथून दिसत नाही.

म्हणून कंपनीला मेल लिहिताना "तुमचा सहावा टप्पा बिघडलाय" असं लिहिलं नाही. फक्त वेळ, माझा पब्लिक आयपी, साइटचा आयपी, दोन्ही nslookup, दोन्ही ट्रेस, ४४३ पोर्टचा निकाल आणि "शेजारीही तुमच्याच लाइनवर हेच होतंय" एवढं टाकलं, आणि हे नेटवर्क टीमकडे पाठवा अशी विनंती केली. तोपर्यंत बायकोचं काम हॉटस्पॉटवर, डेटा पॅक भराभर संपत होता आणि तिची महिनाअखेरची घाई, मला खरंच वाईट वाटत होतं.

मंगळवारी दुपारी नेटवर्क टीममधल्या एका मुलाचा फोन आला, त्यानं मेल नीट वाचलेला. म्हणाला, दादा, आम्ही बाहेरचं नेट दोन मोठ्या कंपन्यांकडून घेतो, त्यातल्या एकाकडं या आयपीच्या ब्लॉकचा रस्ता टेबलमध्ये दिसतोय पण पॅकेट पुढे पोचतच नाहीत, रस्ता दिसतो म्हणून आमची सिस्टीम तिकडंच पाठवत राहते. त्यानं त्या ब्लॉकचं ट्रॅफिक दुसऱ्या कंपनीकडं वळवलं आणि पहिलीकडं तिकीट टाकलं.

त्याचा फोन चालू असतानाच मी लॅपटॉपवर परत ट्रेस लावला. सहाव्या टप्प्याला वेगळाच आयपी आला, आणि शेवटच्या ओळीत 203.0.113.25. बायकोनं आतून हाक मारली, "अहो, लॉगिन झालं!"