लग्नाची रात्र आणि तिसरा दिवस

सोमवार, रात्री

आज सकाळी शौचाला बराच वेळ कुंथावे लागले. मळ बकरीच्या लेंड्यांसारखा खडे-खडे होऊन पडला आणि शेवटी लालभडक रक्ताचे थेंब टपकले. दुखले फारसे नाही, पण धुताना बोटाला मऊ कोंब लागला, जो थोड्या वेळाने आपोआप आत गेला. गेल्या दोन वर्षांतली ही चौथी खेप आहे. आधीच्या प्रत्येक वेळी मी जेवणातल्या तिखटाला, विशेषतः मटणाच्या रश्शाला, दोष देऊन मोकळा झालो होतो. आज मात्र बाजेवर पडल्या-पडल्या दिवस उलटे मोजले.

शुक्रवारी पुतण्याचे लग्न होते. वरात उतरल्यावर गोठ्यामागे बैठक बसली आणि मी दोन क्वार्टर, म्हणजे ३६० मिलिलिटर, दारू प्यायलो. सोबत खारे फुटाणे आणि शेव होती, पाणी होते ते ग्लासात दारूसोबत मिसळलेले तेवढेच. रात्रीतून पाच वेळा लघवीला उठलो आणि प्रत्येक वेळी ती पाण्यासारखी स्वच्छ होती, त्यामुळे शरीरात पाणी भरपूर आहे असा माझा समज झाला. शनिवारी नऊला जाग आली. एकदा पातळ झाडा झाला, तेव्हा पोट साफ झाले असे वाटून मी बेफिकीर राहिलो. दुपारी ट्रॅक्टरवाला नांगरटीला आला म्हणून धुऱ्यावर तीन तास उन्हात उभा होतो. संध्याकाळची लघवी गडद पिवळी, थोडी आणि जळजळ करणारी होती. रविवारी शौचाची भावनाच झाली नाही, आणि आज सोमवारी हे झाले.

मंगळवार

तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांना शुक्रवारपासूनचे सगळे सांगितले, दारूचे प्रमाणही लपवले नाही. त्यांनी तपासून आतली मूळव्याध असल्याचे सांगितले आणि शुक्रवार व सोमवार यांच्यातला दुवा समजावून दिला.

मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगणारे एक संप्रेरक मेंदूतून सुटते आणि दारू त्यालाच आवरते. त्यामुळे रात्रीची ती स्वच्छ लघवी म्हणजे शरीरातले पाणी वाहून जाणे होते. मोठ्या आतड्यात रोज सुमारे दीड लिटर पातळ अंश येतो आणि त्यातले बहुतेक पाणी पुन्हा रक्तात ओढले जाते. शरीर कोरडे पडले की ही ओढ वाढते, आणि मळ जितका जास्त वेळ आत राहील तितका तो सुकतो. म्हणून दारूचा परिणाम दुसऱ्या दिवशी न दिसता एक-दोन दिवसांनी दिसतो, आणि म्हणूनच मला तो कधी ओळखू आला नाही. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. कुंथल्याने त्या फुगून खाली सरकतात आणि कडक खड्याने त्यांची नाजूक त्वचा खरचटते. आतल्या भागात वेदना कळत नसल्याने रक्त दिसते, पण दुखत नाही.

"भाऊ, शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखी आग झाली आणि ती नंतर तासन्‌तास राहिली तर ती चीर समजा. बाहेर निळसर, ताठ, ठणकणारी गाठ आली तर त्यात रक्त गोठले असे समजून लगेच या," असे त्या म्हणाल्या. काळपट रक्त, चक्कर किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल तर मूळव्याध म्हणून घरी बसायचे नाही.

गेल्या वर्षी मी इसबगोल घोटभर पाण्यासोबत गिळले होते, त्याने पोट आणखी अडले होते. तेही त्यांना सांगितले. इसबगोल स्वतः पाणी शोषून फुगते, म्हणून दोन चमचे मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचे आणि त्यानंतर आणखी एक पेला पाणी घ्यायचे, हे माझ्या तेव्हा ध्यानात नव्हते. उन्हाने अंग कोरडे असेल तर आधी ओआरएस किंवा मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. अंगदुखीची गोळीही मनाने घ्यायची नाही, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

गुरुवार

काल आणि आज सकाळी चहानंतर लगेच बसलो. त्या वेळी आतड्याची हालचाल आपसूक होते, आणि शनिवारी उशिरा उठून मी नेमकी तीच वेळ चुकवली होती. पाच मिनिटांत झाले नाही तर उठायचे ठरवले आहे. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसतो. रांजणाजवळ एक लिटरची बाटली ठेवली आहे. दुपारपर्यंत ती दोनदा रिकामी झाली आणि लघवी फिकट पिवळी आली. आज मळ मऊ होता. रक्ताचा फक्त एक डाग दिसला.

पुढच्या महिन्यात साळ्याच्या घरी लग्न आहे. तिथे बैठकीत बसणार नाही, असे पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "अहो, दादांना आताच फोन करून सांगा, म्हणजे ते आग्रह करणार नाहीत." फोन केला. माझे वय ४७ असल्याने रक्त मूळव्याधीचेच आहे, याची खात्री दुर्बिणीने करावी असे डॉक्टरीणबाईंचे मत आहे. त्यासाठी पुढच्या बुधवारी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे आहे.