आमची वाटचाल: उद्यमनगरच्या शेडपासून अँटवर्पच्या बंदरापर्यंत

आबांचं मूळ काम मोटर रिवाइंडिंगचं, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दहा बाय वीसचा गाळा. तांबं काढायचं, वजन करायचं, विकायचं, एवढंच मला लहानपणापासून माहीत. पुढं बँका, कॉलेजं, ऑफिसं यांचे जुने कॉम्प्युटर भंगारात यायला लागले तसं आम्ही रीतसर परवानगी काढून शिरोलीला ई-वेस्ट खोलायची शेड टाकली. पत्रा इथंच विकला जातो, प्लास्टिक जातं, वायरचं तांबं तर लगेच जातं, पण मदरबोर्डचं काय करायचं हा प्रश्न वर्षानुवर्षं होता. बोर्डात सोनं, चांदी, पॅलेडियम असतं खरं, पण ते नीट काढायला मोठी स्मेल्टर, म्हणजे धातू वितळवून वेगळे करणारी भट्टी लागते. ॲसिडच्या टबात बोर्ड बुडवून सोनं काढणारे लोक भेटतात, दरही चांगला देतात, पण ते ॲसिड शेवटी कुठल्या तरी ओढ्यात जातं, आणि पंचगंगेचं काय झालंय ते आम्ही रोज बघतोय, म्हणून त्यांना माल द्यायचा नाही हे आबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

मग ठरलं की बेल्जियमच्या स्मेल्टरला थेट पाठवायचं. मला वाटलेलं, एक्स्पोर्ट म्हणजे आयईसी कोड, इन्व्हॉइस, शिपिंग बिल, झालं. पण बोर्ड हा घातक कचरा धरला जातो आणि तो देशाबाहेर न्यायचा तर बासेल हा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. हा करार 1989 सालचा, 1992 पासून लागू, आणि भारतानं त्याच वर्षी तो मान्य केला. त्याचा गाभा एकच आहे, ज्या देशात माल जाणार आणि वाटेत ज्या देशांतून जाणार त्या सगळ्यांना आधी लेखी कळवायचं, म्हणजे नोटिफिकेशन द्यायचं, त्यांचा लेखी होकार यायचा, आणि तोवर कंटेनर हलवायचा नाही. नुसत्या होकारानंही भागत नाही, माल घेणाऱ्याबरोबर करार लागतो आणि त्यात तो मालाचं काय आणि कसं करणार हे लिहिलेलं लागतं. आपल्याकडं हे काम दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाकडं चालतं, 2016 च्या नियमांप्रमाणं फॉर्म 5 भरायचा, सोबत इन्शुरन्स, आणि समोरच्या देशाची संमती जोडायची.

नोटिफिकेशनचा फॉर्म मी तीन वेळा लिहिला. कारण त्यातला प्रत्येक रकाना म्हणजे एक शब्द दिल्यासारखा असतो. एकूण किती टन, किती खेपा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, पॅकिंग कसलं, वाहतूक कोण करणार, मालात काय काय आहे. मालाचं वर्णन खरं ठेवायचं तर शेडमधलं काम तसं लागतं. आमच्या अक्का रोज बोर्डावरची ती रुपयाएवढी बटनाची बॅटरी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं उचकून वेगळ्या डब्यात टाकतात, हीटसिंक काढतात, टीव्हीचे तपकिरी बोर्ड आणि सर्व्हरचे हिरवे बोर्ड वेगळ्या जम्बो बॅगेत भरतात. एका बॅगेत चार बॅटऱ्या राहिल्या तरी फॉर्मात लिहिलेला माल आणि कंटेनरमधला माल वेगळा ठरतो.

आम्ही 72 टन मागितले, 18 टनाचे चार कंटेनर. संमती बारा महिन्यांची मिळाली, सप्टेंबर 2023 ते ऑगस्ट 2024. सारख्याच मालाच्या अनेक खेपांसाठी एकच नोटिफिकेशन चालतं, पण बासेल करारानुसार जास्तीत जास्त बाराच महिने. मार्ग लिहिला होता न्हावा शेवा, वाटेत ओमानचं सलालाह, मग अँटवर्प. पहिला कंटेनर ऑक्टोबरात गेला आणि नीट पोचला.

दुसरा कंटेनर जानेवारीत भरून उभा होता. तोवर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झालेले, मोठ्या शिपिंग लाइन्सनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केलेली. आमच्या जहाजाचं वेळापत्रक बदललं आणि एजंटचा फोन आला, "मालक, आता कोलंबोत जहाज बदलणार, बाकी काही नाही, डबा बंदराबाहेर पण निघत नाही, काळजी करू नका." मी फॉर्म काढून बघितला. देशांच्या रकान्यात भारत, ओमान, बेल्जियम. श्रीलंका कुठंच नाही.

एजंटला वाटत होतं डबा उतरून पुन्हा चढला म्हणजे देशात गेलाच नाही. बऱ्याच जणांना असंच वाटतं, मलाही आधी वाटलं असतं. पण करारातली व्याख्या साधी आहे, निर्यात आणि आयात करणारे देश सोडून ज्या देशातून माल जातो किंवा जायचा बेत आहे तो देश ट्रान्झिट देश. गेटबाहेर जायची अट त्यात कुठंच नाही. आणि संमती नसताना हललेला माल बेकायदा धरला जातो. चूक निर्यातदाराची असेल तर ही गोष्ट निर्यात करणाऱ्या देशाच्या कानावर गेल्यापासून 30 दिवसांत तो परत आणायची वेळ येते आणि खर्च निर्यातदारावर येतो. 18 टन माल कोलंबोहून परत आणायचा खर्च आमच्या शेडला पेलणारा नव्हता, आणि पुढच्या नोटिफिकेशनला कोणी विश्वास ठेवला असता काय, हा त्याहून मोठा प्रश्न.

म्हणून थांबवला. कंटेनर रिकामा करून लाइनला परत दिला, बॅगा पुन्हा शिरोलीला आणल्या. त्या दिवशी अक्कांनी काही विचारलं नाही, ट्रकमधून बॅगा उतरवायला सगळे लागले आणि रात्री अकरा वाजता ताडपत्री बांधून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बदलाचा अर्ज सुरू केला, श्रीलंका वाढवली आणि वाहतूकदार म्हणून आणखी एक लाइन लिहिली, कारण पहिल्या वेळी आम्ही एकाच लाइनचं नाव दिलं होतं आणि ती चूक माझीच होती. ट्रान्झिट देशाला उत्तरासाठी 60 दिवस असतात. त्यातही एक गोम आहे जी मला नंतर कळली. गप्प बसणं म्हणजे होकार असं सरसकट नाही. ज्या देशानं आपली संमती लागत नाही असं आधीच कळवून ठेवलंय त्याच्या बाबतीतच मुदत संपली की पुढं जाता येतं, बाकीच्यांचं लेखी उत्तर हातात पाहिजे.

सगळ्यांचे कागद जुळून यायला जून उजाडला. मधले महिने मुदत तशीच चालू होती, बारा महिन्यांचं घड्याळ आपल्यासाठी थांबत नाही. जून-जुलैत दोन कंटेनर गेले, आणि चौथा राहिला, त्याचे 18 टन ऑगस्टनंतर त्या संमतीत बसेनात.

त्याच्यासाठी नवं नोटिफिकेशन करेपर्यंत 1 जानेवारी 2025 आला आणि बासेलच्या यादीतले कोड बदलले. आधी बोर्ड A1180 खाली जायचे. आता घातक ई-वेस्ट A1181 आणि जे घातक नाही तेसुद्धा Y49 म्हणून यादीत आलं, म्हणजे ई-वेस्ट म्हटलं की दोन्हीला संमती लागते. यावर बरेच व्यापारी वैतागले, पण मला हे पटतं. पूर्वी "हे घातक नाही" एवढं लिहून किती तरी माल चुकीच्या ठिकाणी गेलाय.

आता आम्ही बुकिंगच्या आधी लाइनकडून प्रत्येक बंदराचं नाव लेखी घेतो, वळसा घालायची वेळ आली तर लागतील अशी बंदरंही विचारून घेतो, आणि ते सगळे देश पहिल्यापासून फॉर्मात घालतो. संमत्या जास्त गोळा कराव्या लागतात, दोन महिने जास्त जातात, जाऊ देत. माल निघायच्या आधीच तिकडच्या अधिकाऱ्यांना खेपेची सूचना जाते, मूव्हमेंट डॉक्युमेंट मालाबरोबर फिरतं आणि माल ज्याच्या ज्याच्या ताब्यात जातो तो त्यावर सही करतो.

चौथ्या कंटेनरचा माल मिळाल्याचा कागद पोचल्यावर तीन दिवसांत आला. वितळवून धातू काढल्याचा दाखला यायला बरेच महिने लागले, तो आला तेव्हा आबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि फाइलला लावायला माझ्याकडं दिला.