सगळे माइलस्टोन वेळेवर, तरी रिलीज दीड महिना मागे

चौथा स्प्रिंट संपला त्याच दुपारी रिव्ह्यू होता. मी Microsoft Project मधला Tracking Gantt उघडला, त्यात वर आत्ताचा बार आणि खाली करड्या रंगात बेसलाइनचा, म्हणजे ठरवलं काय आणि झालं काय ते एका नजरेत कळतं. चारही स्प्रिंटचे डायमंड, म्हणजे माइलस्टोन, बरोबर ठरल्या तारखेला, Finish Variance 0d. फक्त ‘रिपोर्ट्स तयार’ पुढे 10d, म्हणजे कामाचे दहा दिवस उशीर.

सरांनी अर्धा तास त्या रिपोर्ट्सवरच घालवला. खरं तर तो उशीर नव्हताच, पेमेंट आधी हवं म्हणून प्रॉडक्ट ओनरनेच रिपोर्ट्स मागे ढकलले होते, पण तो निर्णय तिसऱ्या आठवड्यातला आणि बेसलाइन त्याआधीच गोठवलेली, तिला हा निर्णय कुठून कळणार?

मला मात्र त्या चार शून्यांचीच काळजी वाटायला लागली. ‘स्प्रिंट 4 पूर्ण’ हा माइलस्टोन चुकणार तरी कसा, दोन आठवडे झाले की स्प्रिंट संपतोच, आत काम झालेलं असो वा नसो, उरलेल्या स्टोरीज पुढच्या स्प्रिंटमध्ये सरकतात आणि डायमंड जागेवरच राहतो! म्हणजे आम्ही कॅलेंडरची तुलना कॅलेंडरशीच करत होतो.

मग मी बोर्ड उघडून तिथेच बेरीज केली. प्लॅन होता 120 पॉइंट, सहा स्प्रिंट, म्हणजे दर स्प्रिंटला 20. चार स्प्रिंटमध्ये 80 व्हायला हवे होते, स्वीकारले गेलेले 64, सरासरी 16. मधल्या काळात नवीन स्टोरीज येऊन एकूण काम 136 झालेलं, आणि ही वाढ गँटमध्ये कुठेच नव्हती कारण बार स्प्रिंटचे होते, कामाचे नव्हते. उरले 72, भागिले 16, साडेचार, म्हणजे पाच स्प्रिंट. प्लॅनमध्ये शिल्लक दोनच. सहा आठवडे उशीर. सर गप्पच झाले.

एकाने सुचवलं, नवीन बेसलाइन सेट करू. मी ठाम नाही म्हटलं, जुनीवरच लिहिलं तर सगळे फरक पुन्हा शून्य होतात आणि घसरण कुठून सुरू झाली ते पुसलं जातं. जुना प्लॅन आधी Baseline 1 मध्ये कॉपी करून जपला. स्प्रिंटचे डायमंड काढून टाकले. त्यांच्या जागी ‘टेस्ट सर्व्हरवर पेमेंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतं’ असे, म्हणजे झालं की नाही हे कुणीही तपासू शकेल असे तीन माइलस्टोन, आणि व्हेंडरच्या सर्टिफिकेटसारख्या बाहेरून आलेल्या तारखा. स्टोरीजचा क्रम बोर्डवरच, तो गँटमध्ये घेतलाच नाही. हा नवीन प्लॅन मग मुख्य बेसलाइनमध्ये सेव्ह केला.

पुढच्या रिव्ह्यूला पेमेंटपुढे 6d दिसले. सरांनी कारण विचारलं, व्हेंडरकडून टेस्ट की उशिरा मिळाली होती. त्यांनी मीटिंगमधूनच व्हेंडरला फोन लावला.