चांगली दारू, की दारूची खरेदी उरकली?

मंदारिन या चिनी भाषेत अक्षर कोणत्या चढउतारात म्हटलं यावर अर्थ ठरतो, त्या चढउताराला टोन म्हणतात. शेजारच्या अक्षरामुळे टोन बदलला की ती टोन संधी. मंदारिनच्या दुसऱ्या वर्षी मॅडमनी टोन संधीचा एक कागद सोडवायला दिला. वाक्यं थोडीच होती आणि प्रत्येक अक्षराखाली रिकामी जागा होती. तिथे पुस्तकात छापलेला टोन लिहायचा नव्हता, बोलताना तोंडातून खरंच निघतो तो लिहायचा होता. नियम मला पाठ होता. तिसऱ्या टोनच्या दोन अक्षरांची गाठ पडली, की आधीच्या अक्षराचा टोन दुसरा होतो. 'नी हाओ' लिहायचं ३-३, म्हणायचं २-३. शाळेत 'विद्या + आलय' केलेल्या माणसाला संधीची काय भीती? फरक एवढाच, की आपली संधी लिहिण्यात दिसते आणि यांची कुठेच दिसत नाही.

निम्मा कागद लाल होऊन परत आला.

पहिली चूक उच्चारातली होती. भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांनी १९३० मध्ये आवाजाच्या उंचीसाठी १ ते ५ अशी पट्टी सुचवली, १ म्हणजे सगळ्यात खाली, ५ म्हणजे सगळ्यात वर. तिच्यावर मंदारिनचे टोन बसतात ते असे: पहिला ५५, म्हणजे उंच आणि सपाट, दुसरा ३५, चढता, तिसरा २१४, खाली जाऊन वर येणारा, चौथा ५१, वरून कोसळणारा. तो २१४ मी वर्षभर इमानदारीत गिरवला होता. दर तिसऱ्या टोनला खाली डुबकी मारायची आणि वर यायचं. मॅडम म्हणाल्या, "अरे, शेवटची ती चढण वाक्याच्या मधे कोण म्हणतं? तू वर आलास की ऐकणाऱ्याला दुसरा टोन वाटतो."

मग त्यांनी योरुबाचं उदाहरण दिलं. नायजेरियातल्या या भाषेत टोन मुळात सपाट आहेत: उंच, मधला, खालचा. 'ओको' दोन्ही अक्षरं मधल्या पट्टीत म्हटलं तर नवरा, दुसरं अक्षर उंच नेलं तर कुदळ, खाली नेलं तर वाहन. तिथे आवाज कसा वळतो यापेक्षा शेजारच्या अक्षराच्या वर आहे की खाली, हे ऐकायचं. मंदारिनमध्ये वळण ऐकायचं असतं, पण तिसरा टोन चालत्या वाक्यात योरुबाच्या खालच्या टोनच्या जवळ जातो: २१, तळाशी जाऊन तिथेच थांबलेला. त्या दिवशी मी '२१४' खोडून वहीत 'खालचा' असं लिहिलं. संधीचा नियमही मग वेगळा दिसायला लागला: दोन खालचे टोन लागोपाठ आले की पहिला चढतो.

दुसरी चूक जास्त मजेशीर निघाली. वाक्य होतं 'लाओ ली माय हाओ ज्यो', पाचही अक्षरं तिसऱ्या टोनची. अर्थ: म्हातारा ली चांगली दारू विकत घेतो. मी डावीकडून जोड्या लावत गेलो. लाओ-ली २-३, माय-हाओ २-३, मग हाओपुढे ज्यो आला म्हणून हाओसुद्धा २. उत्तर: २-३-२-२-३. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं आणि हसल्या. "ह्याचा अर्थ, लीची दारू घेऊन झाली."

झालं असं, की 'हाओ' म्हणजे चांगलं. पण क्रियापदाला चिकटलं की काम पुरं झालं. मी 'माय' या क्रियापदाला, म्हणजे विकत घेण्याला, 'हाओ'शी बांधलं होतं. संधी आधी आतल्या जोडीत होते, मग बाहेर सरकते. म्हणून पहिल्यांदा अर्थाचे गठ्ठे करायचे: (लाओ ली) (माय (हाओ ज्यो)). हाओ-ज्यो २-३ झालं. आता माय ज्याच्यापुढे उभा आहे तो हाओ चढता झालाय, त्यामुळे माय ३ च राहतो. लाओ-ली २-३; पण लीपुढे माय ३ आहे, म्हणून लीसुद्धा २. शेवटी २-२-३-२-३. लीनंतर क्षणभर थांबलात तर ली खालीच राहतो, २-३-३-२-३. भरभर बोलणारा २-२-२-२-३ म्हणून मोकळा होतो. मॅडमना तिन्ही चालली असती. माझं मात्र वाक्यच वेगळं झालं होतं.

घरी प्राट या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज रेकॉर्ड करून पाहिला. तिसऱ्या टोनच्या तळाशी आवाजाची उंची दाखवणारी निळी रेघ तुटत होती. दोन दिवस माइकला शिव्या घातल्या. नंतर कळलं, की आवाज फार खाली गेला की स्वरतंतू घरघरतात, कंपनं अनियमित होतात आणि सॉफ्टवेअरला पट्टी सापडत नाही. म्हणजे रेघ तुटली, तर टोन पुरेसा खाली गेलाय असं समजायला हरकत नाही.

परवा पुन्हा तेच वाक्य रेकॉर्ड केलं. रेघ 'माय'वर तुटली, 'ज्यो'वर तुटली, आणि 'ली'वर नीट चढत गेली.